येळवशीच्या रात्री सगळे मिळून सिनेमा बघायचाय? लावायच्या आधी एवढं तपासून घ्या

ह्या लेखात आत्महत्येचा विषय येतो, आमच्याच घरातल्या एका माणसाच्या संदर्भात येतो. आज वाचायची तयारी नसेल तर नंतर कधीतरी वाचा.

आमच्या लातूर-धाराशिवच्या पट्ट्यात येळवशीला, म्हणजे वेळ अमावस्येला, गावात माणूस सापडत नाही, सगळे शेतात. कडब्याची कोप, पूजा, भज्जी, आंबील, उंडे, आणि पुण्या-मुंबईला गेलेले सगळे त्या दिवशी घरी. दिवस मावळल्यावर घरी येतो तेव्हा पाय दुखत असतात पण झोपायचं कुणाच्याच मनात नसतं, मग वाकळा अंथरून टीव्ही लागतो आणि आज्जीपासून सहा वर्षांच्या भाच्यापर्यंत बारा-तेरा माणसं एका खोलीत बसतात.

दोन वर्षांखाली असाच एक मराठी सिनेमा मी लावला होता. पोस्टरवर बैलजोडी, हसणारी पोरं, खाली लिहिलेलं गावाकडची धमाल वगैरे. मी रेटिंग बघितलं होतं, १३+ होतं, म्हटलं लहाना आईच्या मांडीवर आहे, थोडंफार काही असलं तर चालून जाईल. पहिला भाग खरंच हसवणारा होता. दुसऱ्या भागात त्यातला एक शेतकरी जीव देतो, आणि कॅमेरा तिथून लवकर हलतच नाही. माझी काकू टीव्हीसमोर डहाळे सोलत बसली होती. माझ्या काकांनी नऊ वर्षांपूर्वी असंच केलं. तिचे हात थांबले, मग तिने मांडीवरची टरफलं पदरात गोळा केली, उठली आणि आत गेली, आणि बराच वेळ मोरीतल्या नळाचा आवाज येत राहिला. इकडं भाचा मोठ्याने विचारतोय, तो माणूस झोपला का. रिमोट कुणाच्यातरी वाकळेखाली होता, तो सापडेपर्यंत सीन संपून गेला होता.

नंतर मी तो सिनेमा पुन्हा उघडून बघितला तर रेटिंगच्या शेजारी बारीक अक्षरात suicide हा शब्द होता. मी आकडा बघितला होता, शब्द बघितला नव्हता. तेव्हापासून मी घरात कायपण लावायच्या आधी तपासतो, आणि कसं तपासतो ते खाली लिहितोय, जे पहिल्यांदाच करणार आहेत त्यांच्यासाठी. ह्यात मी मुद्दाम मराठी सिनेमावर जास्त लिहिलंय कारण इंग्रजी आणि मोठ्या हिंदी सिनेमांची माहिती नेटवर भरपूर मिळते, आपल्या गावाकडच्या सिनेमाची मिळत नाही, आणि आपल्या माणसांना लागणारं नेमकं त्यातच असतं.

आधी खोलीत कोण बसणार ते लिहा

सिनेमाचं नाव नंतर, आधी माणसं. मी फोनच्या नोट्समध्ये लिहितो. प्रत्येकाच्या पुढं एकच ओळ, काय नको. आमची यादी अशी होती: भाचा, वय ६, आईबाप हरवणं किंवा मरणं नको, जनावर मरणं नको, एकदम तोंड समोर येऊन दचकवणारं नको. भाची, वय ११, तिला मारामारी चालते पण बाईवर जबरदस्तीचा सीन नको. आज्जी, शिव्या आणि उघडंवाघडं चार जणांत नको, एकटी असली तर तिला काहीच वाटत नाही, नातवंडांसमोर अवघडल्यासारखं होतं. काकू, आत्महत्या नको, सावकार-जप्तीचं जपून.

ही यादी करताना माणसाला बसवून, तुला काय काय सहन होत नाही, असं विचारू नका. घरच्या माणसाला ते माहीत असतं. ज्यांचं माहीत नाही, म्हणजे नवी सून, जावई, पाहुणे, त्यांना एवढंच विचारायचं की सिनेमात तुम्हाला कोणत्या प्रकारचं बघायला नको वाटतं. बहुतेक जण सरळ सांगतात. कुणाला फिट्सचा त्रास असला तर तेही लिहा, लुकलुकणारा प्रकाश हा वेगळाच मुद्दा आहे आणि तो कुठल्या वयाच्या आकड्यात बसत नाही.

यादी का, तर रेटिंग हे वयाचं असतं आणि काकूचं दुखणं वयाचं नाही. ५६ वर्षांच्या बाईला कायद्याने सगळंच बघता येतं.

रेटिंगचा आकडा काय सांगतो

थिएटरला लागणाऱ्या सिनेमाला सेन्सॉर बोर्ड, म्हणजे केंद्रीय चित्रपट प्रमाणन मंडळ, सर्टिफिकेट देतं. पूर्वी U, UA आणि A एवढेच नेहमी दिसायचे. १९५२ च्या कायद्यात २०२३ ला बदल झाला, २०२४ ला नवे नियम आले, आणि UA चे तीन भाग झाले: ७+, १३+ आणि १६+. म्हणजे जुना सिनेमा असेल आणि त्यावर नुसतं UA असेल तर त्यावरून सात वर्षाच्या लेकराला चालेल की पंधरा वर्षाच्या, काही कळत नाही, तो आकडा नाहीच असं समजून पुढच्या पायऱ्या करायच्या.

अजून एक गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते. A असेल तर अठराच्या खालच्या पोराला थिएटरवाले आत सोडू शकत नाहीत, आईबाप सोबत असले तरी नाही. पण UA चा आकडा हा आईबापांसाठी सल्ला आहे. १६+ च्या सिनेमाला तुम्ही सहा वर्षाचं लेकरू घेऊन गेलात तर गेटवर कुणी अडवणार नाही. लोकांना वाटतं आत सोडलं म्हणजे चालतंय, तसं नसतं, ठरवायचं तुमच्यावरच सोडलेलं असतं.

ओटीटीवर प्रकार वेगळा. २०२१ च्या आयटी नियमांनुसार तिथं U, U/A 7+, U/A 13+, U/A 16+ आणि A असे पाच वर्ग आहेत, पण ते ठरवतो तो प्लॅटफॉर्म स्वतः, आणि ठरवताना विषय, हिंसा, नग्नता, सेक्स, भाषा, नशा आणि भीती असल्या गोष्टी बघितल्या जातात. कधीकधी ओटीटीवर थिएटरपेक्षा मोठी आवृत्ती येते. त्यासाठी मी एक साधी गोष्ट करतो, थिएटरच्या वेळी तिकिटाच्या ॲपवर दिलेली लांबी आणि ओटीटीवरची लांबी शेजारी ठेवून बघतो, सात-आठ मिनिटांचा फरक असेल तर काहीतरी जास्तीचं आत आहे असं धरून चालतो.

आकड्याशेजारचे शब्द

माझी चूक इथंच झाली होती. नियमाप्रमाणे ओटीटीवाल्यांना वयाच्या आकड्यासोबत आत काय आहे तेही दाखवावं लागतं, आणि सिनेमा सुरू झाला की काही सेकंद वरच्या कोपऱ्यात ते येतं आणि जातं. तेवढ्यात आपण पंखा कमी कर, दार लाव करत असतो. त्यामुळे ते प्ले दाबल्यावर बघायचंच नाही, आधीच सिनेमाच्या माहितीच्या पानावर जाऊन वाचायचं. टीव्हीवर बारीक दिसतं, फोनवर उघडा.

शब्द इंग्रजीत असतात. violence कळतं, language म्हणजे शिव्या, substances म्हणजे दारू-गांजा वगैरे. threat म्हणजे प्रत्यक्ष मारामारी नसली तरी धमकी, पाठलाग, आता काहीतरी होणार असा ताण, आणि लहान लेकरांना रक्तापेक्षा हाच जास्त त्रास देतो. self-harm आणि suicide हे वेगवेगळे लिहिलेले असतात, दोन्ही शोधा. sexual violence असेल तर मी आकडा कितीही असो घरात सगळ्यांसोबत लावत नाही.

ह्या शब्दांमधून दोन गोष्टी कळत नाहीत. एक म्हणजे किती वेळ आणि कुठं. violence हा शब्द एका कानफटीलाही असू शकतो. दुसरं म्हणजे शब्दांच्या यादीत नसलेलं सगळं. आई मरते, बाप घर सोडून जातो, दवाखान्यात बाळ जातं, दारात वसुलीवाले येतात, ह्यातल्या कशालाच बहुतेक वेळा शब्द नसतो, आणि असे प्रसंग असूनही सिनेमा U असू शकतो. ज्या लेकराची आई दोन वर्षांखाली गेली त्याला त्या U चा काय उपयोग.

सुरुवातीच्या पाट्या पण वाचत जा. सिनेमाच्या आधी प्राण्यांना इजा केलेली नाही अशी पाटी आली की आत जनावराचे सीन आहेत. तंबाखूविरोधी जाहिरात आली की आत कुणीतरी ओढणार किंवा खाणार आहे, हे थिएटरला आधीपासून होतं आणि सप्टेंबर २०२३ पासून ओटीटीलाही आहे. आणि मनावर ताण असल्यास ह्या नंबरवर बोला, अशी पाटी आली तर तिथंच थांबवून विचार करा.

बाहेरची माहिती, आणि ती रिकामी असली तर

IMDb वर सिनेमाचं पान उघडा, खाली जा, कथेच्या भागात Parents guide असं दिसतं. त्यात नग्नता, हिंसा, शिव्या, दारू-सिगारेट आणि भीतीदायक सीन असे भाग असतात आणि लोक मत देतात, None पासून Severe पर्यंत. हे लोकांनी भरलेलं आहे, त्यामुळे किती जणांनी मत दिलंय ते आधी बघा. चारशे जणांनी Mild म्हणणं वेगळं आणि तिघांनी म्हणणं वेगळं. खाली वाक्यात लिहिलेल्या नोंदी असतील तर त्या मतांपेक्षा कामाच्या, कारण त्यात नेमका सीन सांगितलेला असतो.

doesthedogdie.com नावाची साईट आहे, नावावरून कुत्र्यापुरती वाटते पण आता त्यात शेकडो प्रश्न आहेत, आईबाप मरतात का, कुणी जीव देतं का, दवाखान्याचा सीन आहे का, प्रकाश लुकलुकतो का, आणि प्रत्येकाला हो किंवा नाही अशी लोकांची मतं. काकूसारख्या माणसासाठी हीच रचना बरोबर आहे, वय नाही, प्रश्न.

एक जागा फार कुणी वापरत नाही ती म्हणजे ब्रिटनच्या सेन्सॉर बोर्डाची साईट, bbfc.co.uk. तुम्ही म्हणाल आपला काय संबंध, तर हिंदी सिनेमे तिकडं थिएटरला लागतात, त्यामुळे तिकडंही त्यांना सर्टिफिकेट लागतं, आणि त्यांचे लोक सिनेमा पूर्ण बघून चार-पाच ओळीत कुठल्या प्रकारची हिंसा आहे, आत्महत्या दाखवलीय की नुसता उल्लेख आहे, हे लिहून ठेवतात. इंग्रजी स्पेलिंगने शोधायचं. तिकडं लागलेला मराठी सिनेमा असेल तर तोही मिळतो.

पण गावाकडच्या मराठी सिनेमाला ह्या तिन्ही ठिकाणी बहुतेक वेळा काहीच सापडत नाही. IMDb वर Parents guide च्या पुढं Add content advice एवढंच दिसलं तर त्याचा अर्थ कुणी काही भरलेलंच नाही. रिकामं पान म्हणजे सुरक्षित सिनेमा असा अर्थ काढू नका, ही चूक मी भरपूर जणांना करताना बघितलीय, काही लिहिलं नाही म्हणजे काही नसेल म्हणतात. आणि यूट्यूबवर कुणीतरी टाकलेला पूर्ण सिनेमा असेल तर रेटिंग, शब्द, काहीच नसू शकतं, वर मधल्या जाहिराती कसल्या येतील ते तुमच्या हातात नाही.

बघितलेल्या माणसाला विचारायचं असेल तर, कसा आहे रे, असं विचारू नका. तो भारी आहे म्हणेल, घरी बसून बघण्यासारखा आहे म्हणेल, कारण त्याच्या घरात काकू नाही. तुमच्या यादीतले प्रश्न विचारा: कुणी मरतं का, कसं मरतं, दाखवलंय का नुसतं सांगितलंय, मरणारा लेकराचा बाप आहे का.

स्वतः बघून घ्यायची पद्धत

पूर्ण सिनेमा आधी बघितला तर सगळ्यात चांगलं. पण सणाच्या धावपळीत तेवढा वेळ नसतो, तेव्हा मी चाळीस मिनिटांत हे उरकतो. फोनवर सिनेमा उघडायचा, हेडफोन लावायचा, सबटायटल चालू करायचे आणि स्पीड दीडपट करायचा, बऱ्याच ॲपमध्ये ते होतं. पहिली दहा मिनिटं, मध्यंतराच्या आसपासची दहा मिनिटं आणि शेवटची पंचवीस मिनिटं, हे एवढं सलग. आपल्याकडच्या सिनेमात मोठा धक्का मध्यंतराच्या तोंडावर आणि शेवटी ठेवायची सवय आहे, त्यामुळे जे काही जड असतं ते बहुतेक तिथंच सापडतं. ही पंचेचाळीस मिनिटं दीडपटीने अर्ध्या तासात होतात.

उरलेल्या भागासाठी खालच्या पट्टीवर बोट हळू सरकवत न्यायचं, वर छोटे फोटो दिसतात. अंधार, रडणारे चेहरे, दवाखान्याची पांढरी खोली, विहीर, पोलीस, गर्दी जमलेलं दार, असं काही दिसलं की तिथं थांबून तो सीन बघायचा. ह्याला दहा मिनिटं लागतात. फोटोत जे दिसत नाही ते म्हणजे आवाज आणि शिव्या, म्हणून शंका आली की सबटायटल वाचायचे.

सापडलं की वेळ लिहायची, सुरुवात आणि शेवट दोन्ही. नुसती सुरुवात लिहिली तर ऐनवेळी अंदाजाने पुढं पळवतो आणि नेमके त्याच सीनच्या मधोमध जाऊन पडतो.

मागच्या येळवशीला मी निवडलेल्या सिनेमाची माझी नोट अशी होती. सिनेमा दोन तास दहा मिनिटांचा, U/A 13+, शेजारी language आणि threat. IMDb चं पान रिकामं. ०:३८ ते ०:४१, पारावर भांडण, आईवरून शिव्या. १:०४ ते १:०७, मध्यंतराच्या आधी वसुलीवाले दारात येतात, आई रडते, दावणीची बैलं सोडून नेतात. १:४९ ते १:५३, बाप घरातून निघून जातो, सगळे बॅटऱ्या घेऊन विहिरीवर शोधतात, पोरगी हाका मारते. सापडतो, गावाबाहेरच्या देवळात बसलेला, जिवंत.

शेवटची नोंद नीट बघा. ह्या सिनेमात आत्महत्या नाहीच, त्यामुळे suicide हा शब्द नाही, आणि तो न लिहिण्यात कुणाची चूकही नाही. कुठल्याही साईटवर विचारलं असतं तर उत्तर नाही असंच आलं असतं. पण विहिरीवर बॅटऱ्या घेऊन नाव घेत फिरणारी माणसं, हे चार मिनिटं काकूसाठी तीच रात्र आहे. हे फक्त घरचा माणूस ओळखू शकतो, आणि तेही तो सीन डोळ्यांनी बघितल्यावर.

मग ठरवायचं कसं. माझा नियम असा की जड सीन एक-दोन असतील, त्यांची वेळ माहीत असेल आणि त्यांच्याशिवाय गोष्ट कळत असेल तर लावायचा. पूर्ण सिनेमाच त्या दुखण्यावर उभा असेल तर सोडून द्यायचा, पुढं पळवत पळवत बघण्यात काही राहत नाही आणि दहा सेकंदांच्या उड्या मारताना सगळ्यांना कळतं की कुणासाठी चाललंय. लहान लेकराच्या बाबतीत डोळ्यावर हात ठेवू असं लोक म्हणतात, ते चालत नाही, भीती अर्ध्याहून जास्त आवाजात असते. त्यापेक्षा लाईट चालू ठेवा, आवाज कमी करा, नाहीतर बरोबर १:४८ ला त्याला दूध प्यायला आत न्या.

ॲपची सेटिंग, लावायच्या आधी

हे एकदाच करावं लागतं. लेकरांचं वेगळं प्रोफाईल करा आणि त्याला वयाची मर्यादा घाला. मग मोठ्यांच्या प्रोफाईलला पिन लावा, हे राहून जातं, आणि पिन नसेल तर लेकरू दोन बटणं दाबून तिकडं जातं. नियमाप्रमाणे १३+ आणि त्यावरच्या कार्यक्रमांसाठी लॉकची सोय ओटीटीवाल्यांना द्यावीच लागते, तेव्हा ती सेटिंगमध्ये सापडेलच. Netflix वर एखाद्या ठरावीक सिनेमाचं नाव टाकून तो त्या प्रोफाईलवरून काढूनही टाकता येतो.

दुसरं म्हणजे आपोआप सुरू होणाऱ्या झलका बंद करा. आमच्याकडं एकदा लेकरांचा कार्टून सिनेमा संपला आणि पाट्या चालू असतानाच कोपऱ्यात दुसऱ्याच कसल्यातरी मालिकेची झलक सुरू झाली, गळा धरलेला सीन. तपासलेला सिनेमा बरोबर होता, त्याच्या पुढचं कुणी तपासलं नव्हतं. Autoplay नावाने दोन वेगळी बटणं असू शकतात, एक पुढच्या भागासाठी आणि एक झलकांसाठी, दोन्ही बघा. हे टीव्हीवर सापडलं नाही तर फोनवर किंवा ब्राउझरमध्ये त्याच अकाउंटला जाऊन करा.

माणसाला आधी सांगणं

हे सगळ्यात शेवटी येतं पण मला तरी सगळ्यात अवघड हेच गेलं. पहिल्या वर्षी मी ठरवलं होतं की काकूला काही सांगायचं नाही, गुपचूप पळवायचं. बहीण म्हणाली, तिच्या वतीनं तू कशाला ठरवायलास, तिला विचार की. बरोबर होतं तिचं.

सांगायचं एकट्यात, चारचौघांत नाही, आणि सिनेमाच्या आधी बऱ्यापैकी वेळ ठेवून, म्हणजे नाही म्हणायला जागा राहते. काय आहे, कुठं आहे आणि शेवट काय होतो, तिन्ही सांगायचं. शेवट सांगितला तर मजा जाते हे ज्याला नुसती गोष्ट बघायचीय त्याच्यासाठी खरं आहे, ज्याला आतून भीती आहे त्याला शेवट माहीत असणं हाच आधार असतो. तुला सहन होईल का, असं विचारू नका, त्याला उत्तर एकच असतं, न व्हायला काय झालं. बघायचंय का, असं विचारा.

बसायची जागा पण आधीच बघून ठेवा. त्या माणसाला दाराजवळ, म्हणजे उठून जाताना कुणाच्या पायावरून जावं लागत नाही. रिमोट तुमच्या हातात, आणि नोट फोनवर उघडी. माणूस उठून गेलंच तर मागोमाग सगळ्यांनी जाऊ नका, एकाने जा, आणि बोललंच पाहिजे असं नाही. त्या रात्रीच्या पुढं पण झोप लागेना, मन थाऱ्यावर येईना असं झालं तर टेली-मानसचा सरकारी नंबर आहे, १४४१६, फुकट आहे, चोवीस तास चालू असतो आणि मराठीत बोलता येतं.

काकूला मी दुपारी शेतातच सांगितलं, कोपीच्या मागं ती भांडी घासत होती तिथं. म्हटलं काकू, रात्री एक सिनेमा लावायचाय, चांगलाय, पण शेवटी शेवटी एक माणूस घर सोडून जातंय अन् सगळे विहिरीवर हुडकायलेत असं चार मिनिटं हाय, मग सापडतंय, देवळात बसलेलं असतंय. तिने पातेलं घासायचं थांबवलं नाही.

"सापडतंय ना?"

"सापडतंय."

"मग लाव की."

रात्री ती दाराजवळ बसली, पुढं डहाळ्यांचा ढीग. १:४९ जवळ आलं तसं मी रिमोट धरून तिच्याकडंच बघत होतो, तर हाका मारणं सुरू झालं आणि रडवेला झाला तो भाचा, त्याला दूध प्यायला न्यायचं माझ्या लक्षातूनच गेलं होतं. काकूने त्याला ओढून मांडीवर घेतलं, सोललेले चार हरभरे त्याच्या हातावर ठेवले आणि टीव्हीकडं बघतच म्हणाली, "रडू नको रे लेकरा, देवळात हाय त्यो, बघ आता सापडतंय."